काकांचा मुलगा की अकरा वर्षं राबणारा असिस्टंट मॅनेजर?

प्रश्न: आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि छोटं मशिन शॉप आहे, वडील आणि काका पार्टनर, साधारण १२० माणसं. प्रॉडक्शन मॅनेजर सहा महिन्यांनी रिटायर होतायत, त्यांना ९५ हजार पगार आहे. काकांचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, वय २७, पुण्यात तीन वर्षं नोकरी करून परत आलाय. काका म्हणतात त्यालाच बसवा आणि महिन्याला सव्वा लाख द्या. आमच्याकडे असिस्टंट मॅनेजर आहे, नात्यातला नाही, अकरा वर्षं झाली, पगार ६२ हजार, माझ्या मते शॉप तोच चालवतो. घरच्याला डावललं तर घर तुटतं, याला डावललं तर अन्याय होतो. काय करू?

उत्तर:

आधी कायद्याचं सांगतो म्हणजे तो विषय बाजूला होईल. खाजगी धंद्यात मालकाने पुतण्याला, मुलीला, मेव्हण्याला कामावर घेऊ नये असा कायदा आपल्याकडे नाही. घटनेच्या कलम १६ मधली समान संधी सरकारी नोकरीसाठी आहे, तुमच्या फाउंड्रीसाठी नाही. त्यामुळे 'माझी खुर्ची पुतण्याला दिली' म्हणून तुमचा असिस्टंट मॅनेजर कोर्टात गेला तरी हाती काही लागायचं नाही. अन्याय झाला की नाही हे तुम्हालाच ठरवायचंय. मी फॅमिली धंद्यांबरोबर बरीच वर्षं एचआरचं काम करतोय आणि मला वाटतं हे बर्‍यापैकी नेमकं ठरवता येतं, फक्त त्याआधी गुंता सोडवावा लागतो.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात बोलका आकडा सव्वा लाख हा आहे. आज त्या खुर्चीवर बसलेला माणूस, आयुष्य फाउंड्रीत घालवलेला, ९५ हजार घेतो. मग २७ वर्षांच्या मुलाला त्याच खुर्चीचे सव्वा लाख का? वरचे ३० हजार कामाचे नाहीत हे काकांनाही कळतं, ते नात्याचे आहेत, बहुतेक पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता असेल किंवा 'पोरगं परत आलंय तर त्याची सोय नको का' हा विचार असेल. यात चूक काहीच नाही, बापाला वाटणारच. पण हे ३० हजार पगारपत्रकावर चढले की प्रॉडक्शन मॅनेजरच्या पगारात घरातलं देणं मिसळतं आणि मग त्या पगाराबद्दल कोणाला काही विचारता येत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा, खुर्चीचे ९५ हजारच ठेवा, बसणारा कोणीही असो. काकांना मुलासाठी वर काही द्यायचं असेल तर त्यांनी ते स्वतःच्या ड्रॉइंगमधून द्यावं, पार्टनर म्हणून त्यांच्या खात्यावर पडावं. ३० हजार महिना म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार, आणि त्यातला अर्धा भार आज तुमच्या वडिलांच्या वाट्यावर न बोलता पडणार आहे, हे एकदा कागदावर दिसलं की दोघा भावांतली चर्चा पोरगं हुशार आहे की नाही यावरून उठून कोण कोणाला काय देतंय यावर येते, जी खरी चर्चा आहे. दुसरं म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४०ए(२) मध्ये हेच आहे. पार्टनरच्या जवळच्या नातेवाइकाला, आणि मुलगा त्यात येतोच, बाजारभावापेक्षा जास्त मोबदला दिला तर जादाची रक्कम ऑफिसर खर्चातून काढून टाकू शकतो. (नवा आयकर कायदा आलाय, कलमाचा आजचा नंबर सीएकडून घ्या.) बायकोला फर्ममधून पगार दाखवणार्‍यांसाठी तर जुन्या कायद्यात कलम ६४ होतं. नवर्‍याचा धंद्यात मोठा हिस्सा असेल तर तिचा पगार त्याच्याच उत्पन्नात धरायचा, फक्त तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार त्या ज्ञानामुळेच मिळत असेल तर सूट. बघा, इन्कम टॅक्सवाल्यांना 'हा पगार नात्याचा की कामाचा' हे विचारायला जड जात नाही, आपल्यालाच घरात विचारायला जड जातं.

आता निष्ठेकडे. काकांनी तुमच्या वडिलांबरोबर भट्टीसमोर उभं राहून धंदा उभा केला असणार, कर्ज काढताना दोघांनी सह्या केल्या असणार, ते देणं खरंच आहे आणि ते फेडायलाच हवं. पण ते फेडायची जागा ठरलेली आहे, ती म्हणजे पार्टनरशिपमधला हिस्सा. काकांचा मुलगा आज ना उद्या त्या हिश्श्यावर येणारच आहे, पार्टनर होणारच आहे. मालक होण्यासाठी त्याला प्रॉडक्शन मॅनेजर व्हायची गरज नाही. हे मी घराघरात सांगतो आणि ऐकणार्‍याचा चेहरा असा होतो की हे कधी सुचलंच नव्हतं, कारण आपल्याकडे मालकी म्हणजे केबिन, केबिन म्हणजे हुद्दा, असं धरूनच चाललेलं असतं. मोठ्या घरांनी हे कधीच वेगळं केलंय. डाबरच्या बर्मन कुटुंबाने १९९८ मध्ये रोजचा कारभार बाहेरच्या मॅनेजरांकडे दिला आणि मालकी स्वतःकडे ठेवली, मॅरिकोत हर्ष मारीवालांनी २०१४ मध्ये एमडीची खुर्ची सौगत गुप्तांना दिली. तुमची १२० माणसांची फाउंड्री म्हणजे डाबर नव्हे हे मान्य, तुमच्याकडे बोर्ड वगैरे काही नाही, पण हिस्सा एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे हे करायला बोर्ड लागत नाही, दोन भाऊ एका टेबलावर बसले की पुरे.

हाच नियम तुमच्या असिस्टंट मॅनेजरलाही लावायचाय, आणि इथे तुम्हाला थोडं कडू लागेल. 'अकरा वर्षं' ही निष्ठा आहे, लायकी नाही. तुम्ही लिहिलंय 'माझ्या मते शॉप तोच चालवतो'. चालवतो म्हणजे नक्की काय करतो? रिटायर होणारे साहेब रजेवर असताना तीन दिवस सगळं सुरळीत गेलं, एवढ्यावरून ठरवू नका, तीन दिवस कुठलीही चांगली फाउंड्री आपोआप चालते. एखादा माणूस अकरा वर्षं उत्तम दोन नंबरचा असतो आणि एक नंबरला बसवला की दर निर्णयाला तुमच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहतो. त्याला केवळ जुना म्हणून बसवलंत तर तेही वशिल्याचंच झालं, फक्त रक्ताचा वशिला नाही एवढंच.

तेव्हा नावं बाजूला ठेवून आधी खुर्ची लिहून काढा. रिटायर होणार्‍या साहेबांना बसवा आणि विचारा की तुमचं काम नीट चाललंय हे कशावरून कळतं. ते जे सांगतील ते थोडक्यात असं असेल: फाउंड्रीतलं रिजेक्शन किती टक्के आणि त्यात ब्लो होल किती, सँड ड्रॉप किती, कोल्ड शट किती. टनामागे भट्टीला किती युनिट वीज गेली. मशिन शॉपला आणि कस्टमरला ठरल्या तारखेला माल गेला का. कस्टमरच्या गेटवरून परत किती आलं. आणि एक आकडा जो कोणी लिहीत नाही, महिन्याभरात किती वेळा मालकाला फोन करून निर्णय घ्यावा लागला. एवढ्या पाच गोष्टी एका पानावर आल्या की खुर्ची दिसायला लागते आणि मग त्या पानावर दोन्ही माणसं ठेवून बघता येतात.

बघायचं कसं, तर इंटरव्ह्यू घेऊन नाही. अकरा वर्षं रोज बघितलेल्या माणसाचा इंटरव्ह्यू काय घेणार, आणि ज्याला लहानपणी खांद्यावर घेतलंय त्याचा तरी काय. तुमच्याकडे सहा महिने आहेत, तेवढा वेळ फार कमी लोकांना मिळतो. असिस्टंट मॅनेजरला आत्तापासून तीन महिने पूर्ण चार्ज द्या आणि जुन्या साहेबांना सांगा की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. या काळात काय बघायचं ते सांगतो. पावसाळ्यात सँडमधली ओल बिघडून एका शिफ्टचं रिजेक्शन अचानक वर गेलं तर तो मोल्डिंगवाल्याला शिव्या घालत बसतो की सँड लॅबचे रीडिंग मागवतो, आणि लाइन थांबवायचा निर्णय स्वतः घेतो का, कारण लाइन थांबवणं म्हणजे भट्टीत वितळलेलं लोखंड धरून ठेवणं, वीज जळत असते, पोटात गोळा येतो. ओतायच्या वेळी तापमान कमी पडलं तर लॅडल परत भट्टीत ओतायला लावतो की 'जाऊ दे' म्हणतो. कस्टमरच्या ऑडिटला स्वतः समोर बसतो की तुम्हाला पुढे करतो. आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार होतंय का, की सगळी गुपितं त्याच्याच डायरीत आहेत. डायरीवाला माणूस फार निष्ठावान दिसतो, पण तो गेला की शॉप बसतं, आणि बर्‍याचदा त्याला हे नीट माहीत असतं.

तीन महिन्यांनी तो या पानावर उतरला, तर खुर्ची त्याची आणि ९५ हजारांच्या आसपासचा पगारही त्याचाच. तो 'आपला साधा माणूस आहे, ७५ मध्येही खूश होईल' असं कोणीतरी घरात म्हणेल, हमखास म्हणेल. मला विचाराल तर खरा अन्याय हा. पुतण्यासाठी खुर्ची सव्वा लाखाची होते आणि बाहेरच्यासाठी तीच ७५ हजारांची होते, म्हणजे एकाच कामाचे दोन भाव, फरक फक्त आडनावाचा.

मग चुलतभावाचं काय? इथे लोक दोन टोकांना जातात, एक तर त्याला डोक्यावर बसवतात नाहीतर 'बाहेर जाऊन सिद्ध कर' म्हणून घालवून देतात. तुमच्या बाबतीत तो तीन वर्षं बाहेर राहून आलाय, ही चांगली गोष्ट आहे. दुसर्‍याच्या कंपनीत बायोमेट्रिकवर अंगठा लावलाय, रजा मागितलीय, कदाचित अप्रेझलमध्ये खराब शेराही घेतलाय. पहिल्या दिवसापासून बापाच्या फर्ममध्ये बसलेल्या मुलांना हे कधीच मिळत नाही, आणि माझ्या बघण्यात त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ते खरोखर हुशार असले तरी जन्मभर कोणी मानत नाही, 'मालकाचा मुलगा आहे म्हणून' हे शेपूट सुटतच नाही. त्याला प्रामाणिकपणे संधी द्यायची असेल तर अशा जागी द्या जिथे निकाल आकड्यात दिसतो आणि त्याचाच असतो. तुमच्या मशिन शॉपचा चार्ज द्या, किंवा फेटलिंगचा, जिथे धूळ जास्त आणि मान कमी. वर्षभरात त्याने मशिन शॉपचं रीवर्क खाली आणलं तर लोक स्वतःहून बोलतील, तुम्हाला सांगत फिरायची गरज नाही.

पण यातली कळीची गोष्ट हुद्दा नाही, रिपोर्टिंग आहे. तो असिस्टंट मॅनेजरला, म्हणजे नव्या प्रॉडक्शन मॅनेजरला रिपोर्ट करणार का? कागदावर सगळेच 'हो' म्हणतात. खरं काय ते ओळखायची सोपी परीक्षा सांगतो, त्याची रजा कोण मंजूर करतो ते बघा. चुलतभाऊ शुक्रवारी काकांना सांगून पुण्याला गेला आणि मॅनेजरला सोमवारी कळलं, की समजा रिपोर्टिंग संपलं, ऑर्ग चार्ट कितीही सुंदर छापा. दुसरी खूण म्हणजे निर्णय कुठे फिरतात. शॉपवर मॅनेजरने एक ठरवलं, रात्री घरी ताटावर बसल्यावर ते बदललं, सकाळी सुपरवायझरला थेट काकांचा फोन गेला. असं दोनदा झालं की सुपरवायझर शहाणे होतात, ते मॅनेजरकडे जाणंच सोडतात, आणि मॅनेजर 'हो साहेब' म्हणणारा होतो. अशा फर्ममध्ये चांगली माणसं भांडून जात नाहीत, घरगुती कारण सांगून जातात, आई आजारी आहे, गावी शेती बघायचीय, आणि दोन महिन्यांनी गोकुळ शिरगावला दुसर्‍या कंपनीत दिसतात.

म्हणून काकांकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या, लिहून घेतल्या तर फारच उत्तम. मुलाची रजा, अप्रेझल आणि पगारवाढीची शिफारस मॅनेजर करेल, आणि काका त्यात पडले तर फक्त तुमच्या वडिलांमार्फत पडतील, थेट शॉपवर नाही. याच बोलीत तुम्हीही बसता बरं का. तुम्हाला मॅनेजर आवडतो म्हणून चुलतभावाची तक्रार त्याच्याकडून खाजगीत ऐकत राहिलात तर तेच केलंत, फक्त उलट्या बाजूने.

आता काकांचा एक मुद्दा येणार, कदाचित आलाही असेल: 'घरचा माणूस असला की विश्वास असतो.' हा मुद्दा उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. काही जागा अशा असतात जिथे विश्वास हीच पात्रता असते, चेकवर सही, बँकेशी बोलणं, कस्टमरला भाव सांगणं. तिथे घरचा माणूस ठेवला तर कोणावर अन्याय होत नाही, कारण बाहेरच्या कोणाला ती जागा मिळेल असं कधी वाटलेलंच नसतं. पण प्रॉडक्शन आणि परचेस या जागांवर विश्वास पुरत नाही. सांगली भागातल्या एका फाउंड्रीत मी हे जवळून पाहिलंय. स्क्रॅप खरेदीत आधीच्या माणसाने काट्यावर घोळ केला होता, म्हणून मालकाने बहिणीचा मुलगा परचेसला बसवला. पोरगा अत्यंत प्रामाणिक, चहासुद्धा व्हेंडरकडे घेणार नाही असा. त्याने भाव पाडून स्वस्त स्क्रॅप आणायला सुरुवात केली, घरात कौतुक झालं, किलोमागे वाचलेला पैसा डोळ्यांना दिसत होता. मधल्या काळात मशिन शॉपमध्ये ड्रिल आणि इन्सर्ट तुटायला लागले, ऑपरेटर म्हणायचे कास्टिंग कडक आलंय. फाउंड्रीवाले म्हणायचे आमचं काही बदललेलं नाही. त्या स्वस्त स्क्रॅपमध्ये मिश्र स्टील येत होतं, मँगनीज आणि क्रोमियम जास्त, आणि ते लोखंडात वाढलं की कार्बाइड होतात, कास्टिंगमध्ये कडक जागा पडतात. स्पेक्ट्रोमीटरचे रिपोर्ट रोज फाइलला लागत होते. क्वालिटीच्या माणसाला ते दिसलंही होतं, पण भाच्याची खरेदी चुकतेय हे मालकाला सांगणार कोण? तो गप्प राहिला.

त्या गप्प राहण्याचा खर्च कोणी काढत नाही. पोरगा चोर नव्हता, अनभिज्ञ होता, आणि नात्यामुळे त्याला कोणी शिकवलंही नाही. चोरी रोखायची होती तर त्याला माणूस नाही, पद्धत लागते: काट्याची पावती सिक्युरिटीने स्वतंत्र लिहायची, माल उतरवताना स्टोअर्स आणि क्वालिटी दोघांच्या सह्या, तीन व्हेंडरचे दर एका शीटवर, आणि प्रत्येक लॉटचा नमुना आधी लॅबला. एवढं असलं की परचेसला कोणाचाही मुलगा बसवा, फरक पडत नाही, आणि तेव्हाच बाहेरचा लायक माणूसही तिथे निर्धास्तपणे बसू शकतो.

आता तुमच्या प्रश्नातला 'अन्याय' शब्द घेतो, कारण तो तुम्ही थोडा सैल वापरलाय. पुतण्याला खुर्ची मिळाली म्हणजे अन्याय झालाच असं मी मानत नाही. मालकाचा धंदा आहे, त्याने आपल्या मुलांसाठी उभा केला असेल, त्याला तो हक्क आहे. अन्याय होतो तो दुसर्‍या ठिकाणी. अकरा वर्षांपूर्वी असिस्टंट मॅनेजरला घेताना किंवा मध्ये कधी, दिवाळीच्या बोनसच्या वेळी, रात्री उशिरा डिस्पॅच संपल्यावर, कोणी त्याला म्हणालं का की 'साहेब रिटायर झाले की तूच'? तुमच्या वडिलांना आठवत नसेल, त्याला तारखेसकट आठवत असेल. त्या एका वाक्यावर त्याने दोन ऑफर सोडल्या असतील. असं वाक्य बोललं गेलं असेल तर ते देणं आहे, नात्याइतकंच खरं. तेव्हा वडिलांना एकटं गाठून आधी हे विचारा, बाकी सगळं नंतर.

आणि वाक्य बोललं गेलं नसेल, आणि घरात आतून ठरलंच असेल की ही खुर्ची घरच्यासाठीच, तर माझा सल्ला बर्‍याच लोकांना पटत नाही तो देतो: तसं उघड सांगा. लुटुपुटुचा इंटरव्ह्यू, बाहेरचा कन्सल्टंट आणून काढलेले मार्क, 'दोघांनाही समान संधी दिली' हा देखावा, हे करू नका. देखावा केलात की असिस्टंट मॅनेजरची दोन वर्षं आणखी जातात, तो धडपडतो, रविवारी येतो, आणि निकाल आधीच ठरलेला असतो. उघड राखीव ठेवलेली खुर्ची मला त्यापेक्षा कमी वाईट वाटते, कारण त्यात माणूस स्वतःचा हिशोब स्वतः करू शकतो. नव्या माणसांना घेतानाही सांगा, इथे वरच्या दोन जागा कुटुंबाच्या आहेत, त्याखाली कामावर बढती. काही चांगली माणसं येणार नाहीत, ती किंमत तुम्ही मोजताय हे मालकाला दिसलं पाहिजे. सगळ्या जागा कुटुंबाच्या आणि जाहिरात मात्र 'ग्रोथ अपॉर्च्युनिटी'ची, असं चालत नाही.

असिस्टंट मॅनेजरशी बोलायचं कोणी आणि केव्हा, तर तुमच्या वडिलांनी, आणि कॅन्टीनमध्ये बातमी पोहोचायच्या आधी. चुलतभाऊ परत आलाय म्हणजे बातमी अर्धी पोहोचलेलीच आहे, शिरोलीत ही गोष्ट लपत नाही. बोलताना 'तू आमच्या घरातलाच आहेस' हे वाक्य कृपा करून टाळा. त्याला पक्कं माहीत आहे की तो घरातला नाही, घरातल्याला सव्वा लाखाची चर्चा होतेय. त्याऐवजी सरळ सांगा, जागा रिकामी होतेय, तीन महिने पूर्ण चार्ज तुझ्याकडे, या पाच आकड्यांवर बघणार, जमलं तर हा पगार आणि हा हुद्दा या तारखेपासून, नाही जमलं तर काय तेही आत्ताच बोलू. आणि अधिकार खरे द्या. किती रुपयांपर्यंतची खरेदी तो न विचारता करू शकतो, कोणाची रजा तो नाकारू शकतो, कोणाला ओव्हरटाइम देऊ शकतो, हे लिहून द्या. हुद्दा मोठा आणि सही शून्य रुपयांची, असे जीएम मी भरपूर पाहिलेत, व्हिजिटिंग कार्ड सोडलं तर त्यांच्याकडे काही नसतं.

काकांशी बोलताना मुलाच्या लायकीवर बोलू नका, तिथे तुम्ही हरणार, कोणत्याही बापासमोर हरणार. 'तो लहान आहे', 'त्याला फाउंड्री कळत नाही' असली वाक्यं बंद. वडिलांना पुढे करा आणि दोनच गोष्टी टेबलावर ठेवा. एक, त्याचा पार्टनरशिपमधला हिस्सा कधी आणि कसा येणार हे आत्ता लिहून टाकू, डीडमध्ये घालू. काकांच्या आग्रहामागे बर्‍याचदा खरी भीती ही असते की आज माझ्या मुलाला खुर्ची नाही मिळाली तर उद्या धंदा सगळा थोरल्या भावाच्या मुलाकडे, म्हणजे तुमच्याकडे जाईल. ही भीती तुम्ही गेली कित्येक वर्षं ऑफिसात बसता त्यातून आलेली असू शकते, आणि ती खोटी आहे असं फक्त तोंडी सांगून जाणार नाही. दोन, तुम्ही स्वतः आज कुठल्या खुर्चीवर आहात, तिचा बाजारभाव काय, तुम्ही कोणाला रिपोर्ट करता, तुमचं काम कुठल्या आकड्यांवर बघतात? हे पान तुमच्यासाठीही लिहून काढा आणि काकांसमोर ठेवा. ते न करता चुलतभावाला नियम शिकवायला गेलात तर काका पहिल्याच मिनिटात म्हणतील 'तू कुठला इंटरव्ह्यू दिला होतास?' आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

शेवटी, काका ऐकलेच नाहीत तर. निम्म्याचे पार्टनर आहेत, अडवू शकतात. मग चुलतभाऊ खुर्चीवर बसेल, हे धरून चला आणि नुकसान कमी करा. पगार ९५ हजार, वरचे ड्रॉइंगमधून, यावर मात्र अडून बसा, हे बहुतेक वेळा काका मान्य करतात कारण पैसे तेवढेच मिळतात. जुन्या साहेबांना रिटायर झाल्यावर वर्षभर आठवड्यातले दोन दिवस सल्लागार म्हणून ठेवा. असिस्टंट मॅनेजरला फाउंड्रीचा स्वतंत्र चार्ज द्या, मेल्टिंग, सँड आणि मोल्डिंगचे निर्णय त्याचे, पगार कामाच्या भावाने, म्हणजे ६२ वर नाही, आणि त्याला स्पष्ट सांगा की वरची जागा आता किमान काही वर्षं उघडणार नाही. तो जायचं म्हणाला तर अनुभवाचा दाखला आणि ग्रॅच्युइटी वेळेवर द्या, अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर, महिना २६ दिवसांचा धरून, दर वर्षाचे पंधरा दिवस, हे दोन्ही मिळून ४० हजार धरले तर अडीच लाखांच्या थोडं वर होते, ती त्याची आहे, बक्षीस म्हणून देऊ नका. आणि फोन करणार्‍या नव्या कंपनीला त्याच्याबद्दल खरं ते सांगा.